उल्हास नदी गोडी, मग समुद्र खारा कसा?

बदलापूरच्या बंधाऱ्यावर उचललेलं उल्हास नदीचं पाणी शुद्ध करून घरोघरी प्यायलं जातं. तीच नदी कल्याणपुढे खाडी होते आणि वसईजवळ अरबी समुद्राला मिळते. तिथलं पाणी तोंडात धरवत नाही.

खरं तर क्षार नदीतही असतात. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं, सह्याद्रीचा काळा बेसाल्ट झिजवतं आणि त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत नेतं. क्लोराइड मात्र मुख्यतः ज्वालामुखींच्या वायूंतून आलं. जगातल्या नद्यांच्या लिटरभर पाण्यात सरासरी जेमतेम ०.१ ग्रॅम क्षार असतात. जिभेला ते जाणवत नाहीत. समुद्रात हेच प्रमाण ३५ ग्रॅम!

उन्हाने समुद्राचं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. भाईंदरची मिठागरं याच तत्त्वावर चालतात. उडालेली वाफ पाऊस होऊन पुन्हा सह्याद्रीवर कोसळते आणि नवे क्षार घेऊन समुद्राकडे निघते.

मग समुद्राचा खारटपणा सतत वाढत का नाही? कारण जितके क्षार येतात, जवळपास तितकेच पाण्यातून बाहेरही पडतात. शिंपल्यांतले जीव कवचासाठी कॅल्शियम वापरतात, म्हणून ते लवकर कमी होतं. सोडियम आणि क्लोराइड मात्र अतिशय सावकाश तळाच्या गाळात, खडकांत आणि मिठाच्या थरांत अडकतात. तोवर ते कोट्यवधी वर्षं पाण्यात राहतात.