कोणाचे शब्द कोठवर?

भालकीच्या बाजूच्या एका गावात दोन भावांची सामाईक जमीन आहे, अशी कल्पना करावी. थोरले भाऊ, म्हणजे अण्णा, गावी राहतात. धाकटे काका नोकरीनिमित्त उदगीरला स्थायिक झालेले आहेत. जमिनीच्या विक्रीचा करार तयार होऊन काकांच्या सहीसाठी पोहोचला आहे. मधल्या पिढीतला पुतण्या अण्णांना भेटून आला आणि त्याने काकांना मोबाइलवरून चार शब्दांचा निरोप धाडला: अण्णा म्हणाले मी उद्या येतो तोपर्यंत सही करू नका

काकांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा आले ते सही झाली असेल असे समजूनच. कागद कोरा पाहून ते संतापले. “सही करू नका असे मी कधी म्हटले?” असा त्यांचा प्रश्न. काकांनी निरोप दाखविला. पुतण्या म्हणू लागला की, “ते माझे मत होते, अण्णा येतो एवढेच म्हणाले होते.” या तिघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. वाक्यात अण्णांचे शब्द कोठे संपले आणि पुतण्याचे कोठे सुरू झाले, हे सांगणारी खूण मात्र निरोपात नव्हती.

ती खूण घालून पाहावी. अण्णांनीच सही थांबविली असती, तर निरोप असा झाला असता: अण्णा म्हणाले, “मी उद्या येतो, तोपर्यंत सही करू नका.” आणि सल्ला पुतण्याचा असेल, तर असा: अण्णा म्हणाले, “मी उद्या येतो.” तोपर्यंत सही करू नका. दोन्ही वाक्यांत शब्द तेच, त्यांचा क्रमही तोच. इतकेच नव्हे, तर दोन्हीकडे विरामचिन्हेही पाचच आहेत. फरक पडला तो मुख्यतः अवतरणचिन्ह कोठे मिटले यामुळे. पहिल्या निरोपात थोरल्या भावाची आज्ञा आहे, आणि सामाईक मालकाच्या आज्ञेला वजन असते. दुसऱ्यात पुतण्याची सूचना आहे. ती मानावी की अण्णांना आधी विचारावे, हे ठरविण्यास काका मोकळे राहतात.

मराठीत हा घोटाळा विशेष होतो, त्याचे कारण आपल्या वाक्यरचनेतच आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी माणूस बहुधा त्याचा “मी” तसाच ठेवतो. “अण्णा म्हणाले की मी येतो” यात येणार आहेत ते अण्णा, सांगणारा नव्हे. इंग्रजीत अशा ठिकाणी “मी”चा “तो” करण्याची रीत आहे, त्यामुळे चिन्हे गळाली तरी सर्वनामावरून पुष्कळसा उलगडा होतो. मराठीत तो आधार नाही. ग्रांथिक भाषेत “आपण उद्या येणार असल्याचे अण्णांनी सांगितले” असे लिहितात खरे; परंतु “आपण” हा शब्दही भरवशाचा नाही. तो कधी बोलणाऱ्या स्वतःसाठी येतो, कधी ऐकणाऱ्याच्या आदरार्थ, तर कधी दोघांना मिळून. पुतण्याने “अण्णा म्हणाले आपण उद्या जाऊ” असे लिहिले, तर काकांनी प्रवासाची पिशवी भरावी की भरू नये?

तोंडी बोलण्यात भाषेने यावर आपले उपाय शोधलेले आहेत, आणि बीदर-कलबुर्गीच्या टापूत ते तीन भाषांत शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. मराठीत “उद्या येतो म्हणून सांगितले” असे म्हणतात. कानडीत “नाळे बरुत्तेने अंत हेळिदरु” म्हणतात. त्यातला “अंत” हा म्हणणे या अर्थाच्या “अन्नु” या धातूपासून आला आहे. याच भागातली दक्खनी “कल आतूं बोलके बोले” असे म्हणते, आणि “बोलके” म्हणजे सरळ “बोलून”. तिन्ही भाषांत युक्ती एकच: दुसऱ्याचे शब्द संपले की “म्हणून” हा अर्थ सांगणारा एक शब्द ठेवून द्यावयाचा. शब्दरूपाने लावलेले ते मिटते अवतरणचिन्हच होय.

बसवकल्याणच्या परिसरात हे नवे वाटू नये. बाराव्या शतकातील शरणांच्या वचनांच्या अखेरीस वचनकाराची अंकितमुद्रा येते: बसवण्णांची कूडलसंगमदेव, अक्कमहादेवींची चन्नमल्लिकार्जुन, अल्लमप्रभूंची गुहेश्वर. मुद्रा आली की हे बोल कोणाचे आणि ते येथे संपले, या दोन्ही गोष्टी कळतात. आपल्या अभंगांतील “तुका म्हणे” किंवा “नामा म्हणे” हीदेखील त्याच जातीची खूण. विरामचिन्हे नसलेल्या लेखनाला अशा खुणांची गरज होती. मोडीत तर दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही वहिवाट नव्हती. अवतरणचिन्ह आणि स्वल्पविराम ही आपल्याकडे छापखान्याबरोबर इंग्रजीतून आलेली मंडळी; मेजर थॉमस कॅन्डी यांनी १८५० साली विरामचिन्हांच्या परिभाषेवर मराठीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा कोठे त्यांना घराची वाट ठाऊक झाली.

तथापि “म्हणून” या शब्दाची मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. तो बोलणे कोठे संपले हे सांगतो, कोठे सुरू झाले हे सांगत नाही. “की” याच्या उलट: तो आरंभ दाखवितो, अंत दाखवीत नाही. “अण्णा म्हणाले की मी उद्या येतो तोपर्यंत सही करू नका” असे लिहिले असते, तरी भांडण झालेच असते. दोन्ही टोके एकदम बांधण्याचे काम अवतरणचिन्हांची जोडीच करते. म्हणून त्या जोडीतले एक विसरणे हे दोन्ही विसरण्यापेक्षा वाईट. मोबाइलच्या अक्षरफलकावर उघडते व मिटते चिन्ह पुष्कळदा एकाच सरळ रूपाचे असते. मिटते चिन्ह राहून गेले, तर पुढचा सारा मजकूर, अगदी “आईला नमस्कार” येथपर्यंत, अण्णांच्या तोंडी जातो.

स्वल्पविरामाचे काम त्या मानाने साधे आहे. “म्हणाले” आधी आले, तर त्याच्यापुढे स्वल्पविराम देऊन चिन्ह उघडावे. अण्णांचे शब्द आधी आणि “म्हणाले” मागाहून असेल, तर त्या शब्दांच्या शेवटचा पूर्णविराम जातो आणि त्याच्या जागी, चिन्हाच्या आत, स्वल्पविराम बसतो: “मी उद्या येतो,” असे अण्णा म्हणाले. वाक्य अद्याप संपलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्नचिन्ह मात्र आपली जागा सोडीत नाही: “कागद कोठे आहेत?” असे अण्णांनी विचारले. येथे आणखी स्वल्पविरामाची गरज नाही.

एवढी चिन्हे घातली तर निरोप लांबतो, अशी तक्रार ऐकू येते. साध्या मोबाइल संदेशात देवनागरीची ७० चिन्हे मावतात. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त आणि मोकळी जागा ही सर्व वेगवेगळी मोजली जातात. पुतण्याचा मूळ निरोप या हिशेबाने ४८ चिन्हांचा होतो. पाच विरामचिन्हे घातल्यावर ५३. म्हणजे सतरा जागा उरल्याच असत्या.

याहून अवघड प्रश्न निराळाच आहे. दुहेरी अवतरणचिन्ह ही एक हमी असते. आत जे आहे ते बोलणाऱ्याच्या तोंडचे, जसेच्या तसे, असा तिचा अर्थ. ही हमी नकळत मोडते ती प्रथम आदरार्थी रूपांत. अण्णा पुतण्याला म्हणतात, “त्याला म्हणावं, उद्या ये.” पुतण्या काकांना “ये” कसे लिहिणार? तो लिहितो: अण्णा म्हणाले, “तुम्ही उद्या या.” थोरल्या भावाने धाकट्याला “तुम्ही” म्हटल्याचे वाचून काका चपापतील, अण्णा रागावले की काय, अशी शंका त्यांना येईल. येथे चिन्हे न घालणेच खरे. “अण्णांनी तुम्हाला उद्या यायला सांगितले आहे” हे वाक्य निर्दोष आहे. पारख सोपी आहे: चिन्हांतला मजकूर अण्णांच्या आवाजात, ज्याला ते बोलले त्याच्यासमोर, म्हणून पाहावा. त्यांच्या तोंडी तो बसला नाही, तर चिन्हे काढावीत.

आणि या सीमाभागात हमी मोडण्याची दुसरी जागा म्हणजे भाषांतर. व्यवहाराची बोलणी कानडीत होतात आणि निरोप मराठीत जातो, हे येथे नित्याचे आहे. मराठीत “आम्ही” म्हटले की ऐकणारा त्यातून वगळला जातो, “आपण” म्हटले की तो धरला जातो. कानडीत या दोहोंसाठी “नावु” हा एकच शब्द आहे. आता जमिनीच्या नोंदणीचा खर्च कोणी द्यावयाचा, असा विषय निघाला आणि घेणारा कानडीत म्हणाला, “नावु” देऊ. पुतण्याने काकांना लिहिले: ते म्हणाले, “खर्च आम्ही देऊ.” काका निश्चिंत झाले. घेणाऱ्याच्या मनात मात्र दोन्ही पक्षांनी मिळून द्यावा असे होते. “आम्ही” हा शब्द त्याने उच्चारलेलाच नव्हता. भाषांतर करणाऱ्याने तो निवडला आणि अवतरणचिन्हांनी त्यावर घेणाऱ्याचे नाव घातले. पुतण्याची चूक निवडीची नव्हती, कारण मराठीत लिहावयाचे तर दोहोंपैकी एक शब्द घ्यावाच लागतो. चूक झाली ती चिन्हे घालण्यात.

अशा ठिकाणी मूळ शब्दच देवनागरीत ठेवणे बरे. घेणारे कानडीत बोलले. खर्च “नावु” देऊ म्हणाले. म्हणजे फक्त ते, की दोघे मिळून, हे विचारून कळवितो. येथे चिन्हांत एकच शब्द आहे, पण तो खरोखर उच्चारलेला आहे. भालकीकडचे काका उदगीरला राहात असले, तरी “नावु” त्यांना समजतो, आणि यात अजून काहीतरी ठरावयाचे राहिले आहे हेही लगेच समजते. मग ते सहीची लेखणी बाजूला ठेवून आधी फोन उचलतील.