हिरवी पट्टी, हिरवा बेडका

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. भाजलेल्या जखमेची पट्टी सोडली तर ती हिरवीनिळी निघाली, आता कोणतं औषध घ्यायचं? आणि पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसाला हिरवा बेडका पडतोय, कोणती कॅप्सूल द्यायची? दोन्ही प्रश्नांमागे शंका एकाच जंतूची असते. त्याचं नाव स्यूडोमोनास एरुजिनोसा. दोन्ही प्रश्नांना माझं पहिलं उत्तरही एकच आहे, आणि आज ते मी अनेकदा सांगणार आहे: औषध घेण्याआधी नमुना द्या. जखमेचा असो वा बेडक्याचा, आधी नमुना आणि मग औषध.

हा रंग येतो कुठून, ते आधी पाहू. जखमेच्या पट्ट्या निळ्याहिरव्या होतात हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. फ्रेंच लष्करी औषधनिर्माते कार्ल झेसार यांनी 1882 साली त्या रंगामागचा जंतू वेगळा काढून दाखवला. हा जंतू मुख्यतः दोन रंगद्रव्यं बनवतो. पायोसायनिन निळं असतं. पायोव्हर्डिन पिवळट हिरवं असतं आणि अतिनील दिव्याखाली चमकतं. दोन्ही मिसळली की तो ओळखीचा हिरवानिळा रंग दिसतो. जंतूच्या दृष्टीने ही त्याची हत्यारं आहेत. पायोव्हर्डिन आपल्या शरीरातलं लोह हिसकावून जंतूला पुरवतं. पायोसायनिन पेशींमध्ये दाहक ऑक्सिजनसंयुगं तयार करून त्यांना इजा करतं, आणि श्वासनलिकेतला कफ वर ढकलणाऱ्या बारीक केसांची हालचाल मंदावतं. या जंतूला वासही आहे, पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर. तासगावकडच्या माणसाला तो प्रयोगशाळेतल्या बशीवरून लगेच ओळखू येईल.

आता भाजलेल्या जखमेचं घेऊ. समजा, गुऱ्हाळावर काम करणाऱ्या एका माणसाच्या मांडीवर काहिलीतला उकळता रस सांडला. पहिलं काम म्हणजे वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं जखम धरणं. बर्फ, टूथपेस्ट, शाई, शेण यांतलं काहीही लावायचं नाही. उष्णतेने कातडीवरचे बरेच जंतू मरतात, त्यामुळे पहिले एकदोन दिवस जखम बऱ्यापैकी स्वच्छ असते. मग केसांच्या मुळांशी खोल उरलेले कातडीचे जंतू वर येतात. पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास ओलाव्यावर जगणारा स्यूडोमोनास हजर होतो. जळून मेलेल्या कातडीला रक्तपुरवठा नसतो, आणि तिथेच त्याचं फावतं. रक्तातून जाणारं औषध त्या मेलेल्या थरात पुरेसं पोहोचत नाही, जंतूला मात्र ओलसर आणि उबदार अन्न आयतं मिळतं. म्हणून भाजलेल्या जखमेचा खरा उपचार म्हणजे मेलेली कातडी काढणं, जखम धुणं आणि वरून लावायचं मलम. भाजल्यावर लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन 1960च्या दशकात आलं, ते याच जंतूचा विचार करून. गोळी या सगळ्याच्या नंतर येते.

प्रत्यक्षात काय होतं? सहाव्या दिवशी पट्टी हिरवी दिसते. घरचे औषधाच्या दुकानात जातात आणि अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्झिम घेऊन येतात. तीन दिवसांत फरक पडला नाही की दुसरं औषध, मग तिसरं. इथे मला राग येतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ही औषधं या जंतूवर कधी चालतच नव्हती. माणसांनी अँटिबायोटिकांचा गैरवापर केला म्हणून त्याला हा प्रतिकार आलेला नाही, तो त्याच्या घडणीतच आहे. त्याचं बाहेरचं आवरण इतकं घट्ट असतं की बरीचशी औषधं आत फार हळू शिरतात. जी शिरतात त्यांना त्याचे प्रथिनांचे पंप पुन्हा बाहेर फेकतात, शेतात साचलेलं पाणी मोटर लावून काढावं तसे. याशिवाय पेनिसिलिन घराण्यातली औषधं तोडणारं एक विकर त्याच्या स्वतःच्या जनुकांत आहे, आणि अमॉक्सिसिलिनसारखं औषध समोर आलं की ते अधिक प्रमाणात तयार होतं. म्हणून नेहमीच्या औषधांपैकी अमॉक्सिसिलिन, त्याचं क्लॅव्हुलॅनिक ॲसिडबरोबरचं मिश्रण, सेफिक्झिम, डॉक्सिसायक्लिन, एवढंच काय, सेफ्ट्रायॲक्सोनचं इंजेक्शनसुद्धा यावर भरवशाचं नाही. उलट ही औषधं जखमेतले दुसरे जंतू मारतात आणि याला मोकळं रान करून देतात. तीन दिवस वाया गेले एवढंच नुकसान होत नाही. त्या तीन दिवसांत तुम्ही त्याचे शेजारी संपवलेले असतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. तपासणीला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रुग्णाने काय करायचं? जंतू वाढायला साधारण एक दिवस आणि कोणतं औषध चालतं ते कळायला आणखी एक दिवस लागतो, हे खरं आहे. पण नमुना द्यायला काही मिनिटंच लागतात. रुग्णाला ताप असेल, थंडी वाजत असेल, अंग गार पडत असेल, तो बरळत असेल किंवा जखमेच्या कडा जांभळ्या-काळ्या होत असतील, तर डॉक्टर नमुना घेऊन त्याच तासाला या जंतूवर चालणारं इंजेक्शन सुरू करतात. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफ्टाझिडिम, मेरोपेनेम, अमिकासिन ही त्या रांगेतली नावं. अहवाल आला की औषध त्याप्रमाणे बदलतात. आधी औषध देऊन मग नमुना घेतला, तर जंतू पूर्ण मरत नाही, पण बशीवर वाढतही नाही, आणि अहवाल खोटा दिलासा देतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. नमुना आधी.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: पट्टी हिरवी झाली म्हणजे मोठं इंजेक्शन लागणारच ना? नाही. जंतू जखमेच्या पृष्ठभागावर नुसता वस्तीला असणं वेगळं आणि तो जिवंत मांसात घुसणं वेगळं. रुग्णाला ताप नाही, भूक आहे, कडा गुलाबी आहेत, तर पुष्कळदा नीट धुणं, मेलेला थर काढणं आणि रोज कोरडी स्वच्छ पट्टी एवढ्याने काम होतं. जुन्या दवाखान्यांत पातळ ॲसेटिक ॲसिडची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची पट्टी याच जंतूवर वापरत, आणि ती आजही उपयोगी पडते. पण ते घरी करू नका, कारण प्रमाण चुकलं तर जखम पोळते. पृष्ठभागावरची वस्ती की आत शिरकाव, हे डॉक्टर जखम पाहून आणि गरज पडली तर आतला छोटा तुकडा तपासून ठरवतात. घरी बसून ते ठरत नाही, आणि रंगावरून तर नाहीच.

रंगाची गोष्ट फुप्फुसाशी आली की आणखी फसवी होते. जखमेतला निळाहिरवा रंग बहुधा या जंतूकडे बोट दाखवतो. बेडक्याचा हिरवा रंग मात्र बहुतेक वेळा आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरव्या विकराचा असतो. तो कोणत्याही जंतूने दाह झाला तरी येतो. म्हणजे हिरवा बेडका हा स्यूडोमोनासचा पुरावा नाही. उलट, जो स्यूडोमोनास फुप्फुसात वर्षानुवर्षं मुक्कामाला असतो तो पुष्कळदा रंग बनवणं सोडून देतो आणि भोवती चिकट थर उभा करतो. तो थर औषधांना आणि पांढऱ्या पेशींना अडवतो. तेव्हा रंग नसणं हीसुद्धा सुटका नाही.

हा आपल्या भागाचा प्रश्न का, तेही सांगतो. मिरजेजवळ वानलेसवाडीचं आरोग्यधाम, पाचगणीचं बेल-एअर, ही नावं इथल्या जुन्या पिढीला टीबीमुळेच माहीत आहेत. टीबी बरा झाला तरी काही जणांच्या श्वासनलिका रुंद आणि ढिल्या होऊन राहतात. त्यात कफ साचतो. याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. भारतातल्या 2195 रुग्णांची नोंद करणारा एक मोठा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात जुना टीबी हे सर्वांत मोठं कारण निघालं, सुमारे एक तृतीयांश रुग्णांत, आणि बेडक्यात सर्वांत जास्त वेळा सापडलेला जंतू हाच होता.

अशा माणसाला सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या लिहून मिळतात, किंवा तो त्या स्वतःच आणतो. कारण उघड आहे. या जंतूवर गोळीच्या रूपात चालणारं ते जवळजवळ एकटंच घराणं आहे. म्हणूनच ते जपून वापरायला हवं. चार दिवस गोळ्या घेऊन सोडल्या की उरलेले जंतू लवकर प्रतिकारक्षम होतात, आणि मग शिरेतून द्यायची इंजेक्शनंच उरतात. तीही थकली की कोलिस्टिन, जे मूत्रपिंडाला जड जातं. दुसरा धोका त्याहून मोठा. याच घराण्यातली औषधं टीबीच्या जंतूलाही काही काळ दाबतात. खोकला थोडा कमी होतो, टीबी पुन्हा उलटला असेल तर निदान आठवडे लांबतं, आणि तोवर घरातली मुलं त्याच हवेत श्वास घेत असतात. म्हणून जुन्या टीबीच्या रुग्णाने बेडक्याची तपासणी दोन गोष्टींसाठी करून घ्यायची, टीबीसाठी आणि बाकीच्या जंतूंसाठी. आधी नमुना. आणि पहिल्यांदाच स्यूडोमोनास सापडला असेल तर तो अहवाल फाइलमध्ये ठेवून विसरू नका, छातीच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला काही आठवड्यांचा नेटाचा उपचार करून तो पूर्ण घालवता येण्याची शक्यता असते, पुढे ती फार कमी होते.

पाण्याबद्दल थोडं. भाजल्याबरोबर वाहत्या नळाचं पाणी योग्य. नंतर जखमेवर बादलीतलं, पिंपातलं, बाटलीत भरून ठेवलेलं पाणी नको. वाफेच्या यंत्राचं भांडं रोज धुवा, सांगितल्याप्रमाणे उकळा आणि पूर्ण कोरडं करा. पातळ करून ठेवलेल्या जंतुनाशकावरही विसंबू नका. सेट्रिमाइड हे अनेक जंतुनाशकांत असतं, आणि आम्ही प्रयोगशाळेत हाच जंतू वेगळा काढण्यासाठी खाद्यात मुद्दाम सेट्रिमाइड घालतो, कारण त्यात बाकीचे मरतात आणि हा वाढतो. महिनाभर तीच बाटली न धुता भरत राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता नमुना कसा द्यायचा. बेडका सकाळी उठल्यावर, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून काढलेला हवा. थुंकी नको, खालून आलेला कफ हवा. प्रयोगशाळेने दिलेल्या रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीतच द्या आणि शक्यतो दोन तासांत पोहोचवा. जखमेचा नमुना घरी घेऊ नका. पट्टी मात्र घरी धुऊन, जखमेवर पावडर टाकून, सगळं झाकून दवाखान्यात येऊ नका. डॉक्टर रागावतील म्हणून लपवता, हे कळतं मला, पण आम्हाला ती हिरवी पट्टी बघायची असते. आणि मागणीच्या कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या: पूर्वी टीबी झाला होता का, आणि गेल्या पंधरा दिवसांत कोणकोणती औषधं घेतली. नाव आठवत नसेल तर रिकामी पाकिटं बरोबर आणा.