मागण्याआधी आपल्याकडे द्यायला काय आहे?

(यवतमाळ येथे महाविद्यालयीन तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिलेच पदवीधर आहेत. पुढे पुण्या-मुंबईला शिकायला जायचं, तर तिथे ओळखीचं कुणी नाही. मग कुणाचा तरी नंबर मिळतो आणि आपण पहिलाच मेसेज पाठवतो, ‘सर, मार्गदर्शन करा.’ समोरच्याला कळत नाही की नेमकं काय करायचं. दोन दिवसांनी तो मेसेज खाली जातो आणि आपल्याला वाटतं, मोठी माणसं उत्तर देत नाहीत.

याच यवतमाळमध्ये २०१७ च्या सुमारास राजू केंद्रे यांनी ‘एकलव्य’चं काम सुरू केलं. ते स्वतः बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले. ग्रामीण, वंचित घरांतल्या मुलामुलींना देशातल्या नामवंत संस्थांपर्यंत पोचवायचं, हे त्या कामाचं सूत्र. प्रवेश परीक्षा, अर्ज, मुलाखत या गोष्टी आधी गेलेला विद्यार्थी मागून येणाऱ्याला समजावून सांगतो. शहरातल्या घरात जे काका-मामा जेवताना सांगतात, ते इथे दादा-ताई सांगतात.

पण मागून येणाऱ्यानेही काही द्यायचं असतं का? त्याच्याकडे असतं तरी काय? आज मला एवढंच बोलायचं आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, घाटंजी तालुक्यातली एक मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला समाजकार्यात एम.ए. करायचं आहे. एका कार्यशाळेत तिची मुंबईत शिकणाऱ्या एका ताईशी ओळख झाली. ही ताई कापूस वेचणाऱ्या बायांवर अभ्यास करते आणि पुढच्या महिन्यात इकडे येणार आहे. आपल्या मुलीला तिच्याकडून अर्ज तपासून घ्यायचा आहे. तो विषय तिने आज काढू नये. आधी ताईच्या कामाकडे पाहावं.

पहिली गोष्ट माहितीची. ताईने दुपारी बारा ते चार गावात मुलाखती ठरवल्या आहेत. वेचणीच्या दिवसांत त्या वेळी बाया घरी सापडतील का? सकाळी वावरात जातात, संध्याकाळी कापूस मोजून होतो, मग घरचा स्वयंपाक. त्यांच्याशी निवांत बोलायचं तर जेवणानंतर, नाहीतर बाजाराच्या दिवशी. हे आपल्याला इतकं माहीत असतं की ती माहिती आहे असंच वाटत नाही. ताईचे मात्र दोन दिवस वाचतात. एवढं चार ओळींत लिहून पाठवायचं. वीस पीडीएफ पाठवायच्या नाहीत. ढीग पाठवला की निवडायचं काम आपण समोरच्यावर टाकतो.

दुसरी गोष्ट अभिप्रायाची. आधी विचारायचं, ‘ताई, तुमची प्रश्नावली मी एकदा वाचून पाहू का? गावात कुठे अडेल ते सांगते.’ न विचारता चुका काढू नयेत. हो म्हणाली तर वाचावी आणि ‘छान आहे’ एवढ्यावर थांबू नये. समजा, त्यात प्रश्न आहे, ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती?’ वेचणीची मजुरी किलोवर मिळते, काम काही महिनेच असतं. वर्षाचा आकडा कोण सांगणार? मग लिहायचं, ‘या प्रश्नावर माझी आईसुद्धा थांबली असती. कालच्या दिवशी किती किलो वेचला आणि किलोला काय मिळालं, असं विचारलं तर लगेच सांगतील.’ कुठे अडलं, का अडलं आणि त्याऐवजी काय, या तीन गोष्टी सांगायच्या. बदल करायचा की नाही, ते ताईने ठरवायचं.

तिसरी गोष्ट ओळख करून देण्याची. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. आपण उत्साहाने गावातल्या आशाताईंचा नंबर पाठवून देतो. तो नंबर आपला नाही, त्यांचा आहे. आधी आशाताईंना विचारायचं. मुंबईची एक विद्यार्थिनी येते आहे, तिला चार बायांना भेटायचं आहे, अर्धा तास लागेल, पैसे किंवा योजना मिळणार नाही. तुमचा नंबर देऊ का? त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर दोघींना एकच मेसेज:

‘आशाताई, या कापूस वेचणीवर अभ्यास करणाऱ्या ताई, १२ तारखेला येत आहेत. ताई, या आमच्या गावच्या आशाताई, संध्याकाळी सातनंतर मोकळ्या असतात. पुढचं तुम्ही दोघी ठरवा.’

यात कोण, कशासाठी, केव्हा हे तिन्ही आलं. मग आपण बाजूला व्हायचं. भेट झाल्यावर आशाताईंना एक फोन मात्र करावा, ‘मावशी, काही त्रास तर नाही झाला?’ ओळख करून देताना आपण आपली पत दोन्हीकडे गहाण ठेवत असतो.

आपलं देणं उपयोगी पडलं का, हे कसं ओळखायचं? ताई पुढचा प्रश्न विचारते, वेळ बदलते, प्रश्नावली सुधारून दाखवते. नुसते जोडलेले हात आले तर समजायचं की हे तिच्या कामाचं नव्हतं. तरीही राग नको.

मग आपलं मागणं. तेही लहान आणि नेमकं असावं. ‘ताई, माझ्या अर्जातलं हे एक पान आहे. वाचताना कुठे अडखळलात, तेवढंच सांगाल का? वेळ नसेल तर हरकत नाही.’ त्यात ‘मी तुम्हाला मदत केली होती’ हे वाक्य कधीच नको. ते लिहिलं की आधी दिलेलं सगळं उधारीच्या वहीत जातं.

आता दोन मर्यादा सांगतो.

ताई म्हणाली, ‘वीस मुलाखती घेऊन दे, लिहूनही काढ,’ तर ती मदत राहिली नाही, ते काम झालं. कामाचा मोबदला ठरवून घ्यावा, आणि अहवालात आपलं नाव येईल का हेही विचारावं. आपल्या भागात बाहेरून येणारे बरेच आणि आपला वेळ फुकट समजणारेही बरेच. अर्ध्या तासात होतं ते आनंदाने द्या. त्यापुढचं बोलून ठरवा.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. हे सगळं माणसामाणसातल्या ओळखीसाठी आहे, कार्यालयाच्या टेबलासाठी नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे. तिथे ‘आधी काहीतरी द्यावं’ हा विचार मनात आला की तो लाचेच्या दारात उभा राहतो, मग ती मिठाई का असेना. तिथे द्यायचा तो पूर्ण भरलेला अर्ज, आणि घ्यायची ती पोच. काम अडलं तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ, आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर. तिथे ओळख लागत नाही, लागू नये.

जाताना प्रत्येकाने एक काम करा. अलीकडे भेटलेल्या एका माणसाचं नाव लिहा. तो सध्या कशात गुंतला आहे, ते त्याच्या नावापुढे लिहा. ते माहीत नसेल, तर त्याला पहिला मेसेज तेवढंच विचारणारा असू द्या.