व्हॉट्सॲपचं दुसरं दार
(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



समजा, तुम्ही रात्री मुलाला व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘भाव ७,००० मागू, पण बँकेचा हप्ता आहे, ६,५०० लाही कापूस देऊन टाकू.’ सकाळी व्यापारी ६,५०० वर अडून बसला, हप्त्याचीही गोष्ट काढली. एकदा योगायोग म्हणता येईल. दोनदा असं घडलं, तर आपलं बोलणं कोणी वाचतो काय, हे पाहिलंच पाहिजे.

यात काही जादू नाही. मागं कोणत्या तरी दुकानात फॉर्म भरायला फोन दिला होता, लॉकही सांगितलं होतं. तिथल्या संगणकावरचा चौकोनी कोड तुमच्या फोननं टिपला की तुमच्या गप्पा तिकडेही उघडतात. एका खात्याला अशी ४ यंत्रं जोडता येतात. मूळ फोन १४ दिवस वापरला नाही तर ती आपोआप सुटतात. पण आपण फोन रोज वापरतो, म्हणून त्यांचं दार उघडंच राहतं.

व्हॉट्सॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा आणि Linked devices उघडा. जोडलेल्या यंत्रांची नावं आणि शेवटच्या वापराची वेळ दिसेल. तुम्ही वखरावर होता त्या वेळी कोणता संगणक चालू होता? आधी दुसऱ्या फोननं त्या यादीचा फोटो काढा. तक्रार करायची झाली तर तोच पुरावा. एकदा नाव काढलं की यादीत काही उरत नाही. मग त्या नावावर बोट ठेवून Log out करा.

बरेच जण इथंच थांबतात. लॉक तेच राहिलं तर तो माणूस दोन मिनिटांत पुन्हा जोडून घेईल. म्हणून त्याच बैठकीत फोनचं लॉक बदला. बोटांच्या ठशांत कोणाचा जास्तीचा ठसा आहे काय, तेही पाहा. Two-step verification मध्ये ६ आकडी पिन जरूर लावा, पण त्यानं तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू करणं अडतं. कोड टिपून संगणक जोडणं अडत नाही. ते अडवतं फोनचं लॉकच.

तरी जे वाचून झालं, ज्याचे फोटो काढले गेले, ते परत येत नाही. सौद्याचं पुढचं बोलणं काही दिवस तोंडीच ठेवा.

आणखी एक प्रकार आहे. २०१९ साली आपल्या नागपुरातले वकील निहालसिंग राठोड यांना कॅनडाच्या सिटिझन लॅबनं कळवलं, की पेगासस या हेरगिरीच्या प्रोग्रामनं त्यांच्या फोनला लक्ष्य केलं होतं. तिथं हेर फोनच्या आतच बसतो. यादीत काही दिसत नाही, Log out चाही उपयोग नसतो. ते महागडं हत्यार आहे. बोंडाच्या भावासाठी ते कोणी आणणार नाही, आपल्याकडं आधी यादीच पाहावी.

आठ दिवसांनी ती पुन्हा उघडा. नवं नाव दिसलं, तर नवं लॉक कोणाकोणाला ठाऊक आहे ते आठवा, माणूस त्यातलाच.