पुढच्या रविवारी नक्की

आज मी लिहिलेली एक छोटी गोष्ट ऐकवतो आणि मग ती कशी चालते त्याबद्दल थोडं बोलतो. गोष्टीत निवेदक नाही. फक्त दोन जुन्या मित्रांचे मेसेज आहेत, तेही भेट पुढे ढकलण्याचे. पक्या डोंबिवलीत राहतो, नंद्या पुण्यात.

जून, शनिवार
पक्या: उद्याचं दादरचं नाही जमत रे. मेगाब्लॉक आहे, त्यात पोरीचा वाढदिवस हिने उद्याच ठेवलाय. पुढच्या रविवारी नक्की. काकांना नमस्कार सांग.
नंद्या: चालेल. बाबा विचारत होते, पक्या अजून चहात चार चमचे साखर घालतो का!

पुढचा शनिवार
नंद्या: सॉरी, उद्या ऑफिसात काम निघालंय.
पक्या: मग गणपतीत घरी ये. काकांनाही आण.

गणपतीच्या आदल्या दिवशी
नंद्या: डॉक्टर बाबांना प्रवास नको म्हणतायत. दिवाळीत बघू.
पक्या: काय झालं?
नंद्या: काही नाही रे, वय.

भाऊबीज, दुपार
पक्या: कोथरूडला ताईकडे आलोय. जाताना तासभर येतो.

भाऊबीज, रात्री ९.४०
पक्या: उशीर झाला यार, पोरगी झोपली. निघालो. पुढच्या वेळी नक्की.
नंद्या: हो.

संक्रांत
पक्या: रविवारी मीच येतो. काकांसाठी गूळपोळी आणतो.
नंद्या: ये. आता घरी मी एकटाच असतो.
पक्या: रविवार नको. आत्ता निघतोय.

संपली गोष्ट.

यात काका गेले ते भाऊबीज आणि संक्रांतीच्या मधे, म्हणजे जिथे एकही मेसेज नाही तिथे. तिथे 'बाबा गेले' असं टाकायचा मोह होतो. पण मग ती भेट पुढे ढकलण्याची गोष्ट राहत नाही, निधनाची बातमी होते. या प्रकारात मोठी घटना दोन तारखांच्या फटीत ठेवायची आणि पुढच्या मेसेजमधून कळू द्यायची.

दुसरं म्हणजे कारणांची लांबी. पक्याचं पहिलं कारण ऐसपैस आहे, कारण त्याला अजून वाईट वाटतंय. नंद्याची उत्तरं मात्र आखडत जातात आणि शेवटी नुसतं 'हो' उरतं. मैत्री कुठे आलीये ते तेवढ्यावरून कळतं.

अशी गोष्ट फसते ती बहुतेक वेळा एकाच जागी. 'तुला माहीतच आहे, माझे वडील आजारी असतात' असं मित्राला कोणी लिहीत नाही. ते वाक्य वाचकाला माहिती देण्यासाठी घातलेलं असतं, आणि वाचकाला ते लगेच कळतं. म्हणून प्रत्येक मेसेजला विचारायचं, हा त्याने खरंच पाठवला असता का?

आणि शेवट? सहा-सात महिने तारीख पुढेच जात होती. शेवटच्या मेसेजमध्ये ती पहिल्यांदा अलीकडे आली. पक्याने सांत्वनाचा एक शब्दही लिहिलेला नाही.