ताब्याची तारीख



आपल्याच वर्गातल्या एकाने फोन केला, "घराचा ताबा रखडलाय, बिल्डरविरुद्ध छाप." त्याची सगळी पुंजी त्यात अडकली होती. पण मित्राचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे.

ग्राहक म्हणत, ताबा 2018मध्ये मिळणार होता. बिल्डर म्हणे, कोरोनामुळे उशीर झाला. मी नोंदणीकृत करारनामा मागवला. त्यात डिसेंबर 2019 होतं. 2018 फक्त जाहिरातीत. महारेराच्या संकेतस्थळावरही काम पूर्ण करण्याची मूळ तारीख डिसेंबर 2019च होती. म्हणजे मुदत टळली, तेव्हा टाळेबंदी यायलाच जवळपास तीन महिने होते.

पण तिथली माहिती बिल्डरच भरतो. नोंदीत बारा स्लॅब पूर्ण दिसत होते; जागेवर जाऊन मोजले, तर नऊच.

बिल्डरला हे सगळं लेखी विचारलं आणि त्याचा खुलासा बातमीत दिला. ग्राहकांची चूकही छापली. मित्र महिनाभर रुसला. पुढे महारेराकडे विलंबाचं व्याज मागताना मात्र त्याने करारातलीच तारीख लिहिली.