बाकीचा निरोप



आमच्या शेजारच्या वहिनींनी माजलगावच्या एका दुकानदारास शेवया दिल्या, पण पैसे आले नाहीत. व्हॉट्सॲपवर धाडावयास त्यांनी लिहिले होते, ‘भाऊ, घरी फार अडचण आहे, किती वेळा मागू?’ त्यात ना रक्कम, ना तारीख. दुकानदाराने वही कोठे शोधावी? मग आम्ही दोघींनी तो निरोप असा लिहिला:

‘नमस्कार भाऊ. ५ एप्रिलला दिलेल्या १० किलो शेवयांचे १,८०० रुपये बाकी आहेत. पावतीचा फोटो सोबत आहे. शनिवारपर्यंत पाठवाल का?’

अडचण गाळली, कारण पैसे मालाचे आहेत, दयेचे नव्हेत. वार घातला, म्हणजे शनिवार उलटेपर्यंत पुन्हा विचारावयास नको.